जॉयकॉन कन्सोलला लावूनही तुटतो? आधी खटका तपासा, मग पिना

निन्टेंडो स्विच हातात धरून खेळताना अचानक खेळ थांबतो आणि कंट्रोलर पुन्हा जोडा असं स्क्रीनवर येतं. जॉयकॉन, म्हणजे बाजूचा सुटा होणारा कंट्रोलर, तर कन्सोलला लावलेलाच असतो. थोडा दाबला की परत चालू होतो आणि जरा जोरात हालचाल झाली की पुन्हा तुटतो. बहुतेक जण अशा वेळी पिना खराब झाल्या असं ठरवून मोकळे होतात आणि नवी जोडी शोधायला लागतात. माझं मत वेगळं आहे. स्विच दोन-तीन वर्षं वापरलेला असेल, तर दोष पिनांपेक्षा जॉयकॉनच्या आतल्या नखाएवढ्या प्लास्टिकच्या खटक्यात असण्याची शक्यता जास्त असते. तो बदलायला फार खर्च येत नाही आणि कन्सोल उघडावाही लागत नाही. म्हणून कुठलाही स्क्रू काढण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते शोधायचं.

हा लेख 2017 साली आलेल्या मूळ स्विचबद्दल आणि त्याच्या जॉयकॉनबद्दल आहे. ओएलईडी मॉडेललाही हेच जॉयकॉन लागतात, त्यामुळे जॉयकॉनबद्दलचा भाग तिथे जसाच्या तसा लागू होतो. फक्त त्या कन्सोलची आतली मांडणी वेगळी आहे. 2025 साली आलेल्या स्विच 2 चे जॉयकॉन लोहचुंबकाने चिकटतात, त्यांना सरकवून बसवायची रेलच नाही.

जोडणी होते कशी

कन्सोलच्या दोन्ही बाजूंना धातूची खोबण, म्हणजेच रेल, आहे. जॉयकॉनच्या बाजूला असलेली पट्टी या खोबणीत वरून खाली सरकते. अगदी तळाशी दोन्हीकडचे दहा-दहा सोनेरी संपर्क, म्हणजे पिना, एकमेकांना टेकतात. त्यांतून 5 व्होल्टचा पुरवठा जातो, म्हणजे लावलेला जॉयकॉन कन्सोलकडून चार्ज होतो. बटणांची माहितीही तिथूनच तारेने ये-जा करते. लावलेल्या अवस्थेत ब्लूटूथची गरज पडत नाही. संपर्क सुटला की जॉयकॉन वायरलेसवर जायला बघतो. या अदलाबदलीमुळेच खेळ मध्ये थांबतो आणि होम स्क्रीनवर जोडणीचा टक् आवाज पुन्हा पुन्हा येत राहतो.

जॉयकॉन खाली टेकलेला ठेवण्याचं काम एकट्या खटक्याचं आहे. जॉयकॉनच्या मागे, वरच्या बाजूला जे छोटं गोल बटण असतं ते दाबलं की हा खटका आत जातो. सोडला की स्प्रिंगच्या जोरावर बाहेर येऊन कन्सोलच्या रेलमधल्या खाचेत अडकतो. मूळ खटका प्लास्टिकचा आणि खाच धातूची. बटण न दाबता जॉयकॉन ओढून काढायची सवय असेल, तर दर वेळी खटक्याची कड थोडी घासते. जॉयकॉन लावलेला अख्खा स्विच सुमारे 398 ग्रॅमचा आहे. एका जॉयकॉनला धरून तो उचलला की बाकीचं सगळं वजन या कडेवर लटकतं. धारदार कड गोल झाली की जॉयकॉन केसभर वर सरकतो. पिनांचा संपर्क सुटायला तेवढं पुरतं.

दोष कुठे आहे ते ओळखणं

पहिली चाचणी काहीही न उघडता करायची. जॉयकॉन लावा, कन्सोल एका हातात घट्ट धरा आणि मागचं बटण न दाबता जॉयकॉन सरळ वरच्या दिशेला ओढा. जोर बेताचाच लावायचा. खटका शाबूत असेल तर जॉयकॉन जागचा हलत नाही. किंचित वर सरकून थांबला किंवा निघूनच आला, तर खटका गेला.

दुसऱ्या चाचणीसाठी होम स्क्रीनवरून `System Settings`, तिथून `Controllers and Sensors` आणि मग `Test Input Devices` मध्ये जा. बटणं तपासायचा पर्याय उघडा. एक बटण दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने जॉयकॉन हलवून बघा. आधी वर-खाली हलवा, मग स्क्रीनच्या दिशेने पुढे आणि पाठीच्या दिशेने मागे. वर ढकलल्यावर तुटतो आणि खाली दाबल्यावर जुळतो, तर दोष खटक्याचा. पुढे-मागे डुलवल्यावर तुटत असेल, तर रेल सैल झाली आहे किंवा पिना दबल्या आहेत. अजिबात न हलवताही तुटत असेल, तर पिनांवर मळ किंवा गंज आहे, नाहीतर आतली चपटी, लवचीक फ्लेक्स केबल दुखावली आहे.

तिसरी चाचणी अदलाबदलीची. डावा जॉयकॉन उजव्या बाजूला बसत नाही, म्हणून मित्राकडून त्याच बाजूचा चांगला जॉयकॉन मागून आणा. तो तुमच्या कन्सोलवर नीट चालला तर दोष तुमच्या जॉयकॉनचा. तोही तुटत असेल तर कन्सोलची रेल बघायला हवी. ही चाचणी टाळू नका. कन्सोलची रेल बदलणं म्हणजे निम्मा स्विच उघडणं, आणि ते विनाकारण करण्यात अर्थ नाही.

जॉयकॉन काढून हातात धरला असताना, म्हणजे वायरलेस वापरातही तो सतत तुटत असेल, तर ही सगळी चर्चा लागू नाही. तो अँटेनाचा प्रश्न आहे. सुरुवातीच्या काही डाव्या जॉयकॉनमध्ये हा दोष होता आणि आत वीजवाहक फोमचा तुकडा लावून तो दूर करत असत. रेलशी त्याचा संबंध नाही.

साफसफाई: स्वस्त उपाय आधी

कन्सोल स्लीपमध्ये न ठेवता पूर्ण बंद करा. पॉवर बटण तीन-चार सेकंद दाबून धरलं की `Power Options` येतं, तिथून `Turn Off`. दोन्ही जॉयकॉन काढा. मोबाईलचा टॉर्च आणि भिंग घेऊन रेलच्या तळाशी नीट बघा. दहाही संपर्क एका रांगेत आणि एकाच उंचीवर दिसायला हवेत. एखादा काळपट किंवा हिरवट असेल तर गंज. कोकणात किंवा मुंबईत पावसाळाभर कपाटात पडून राहिलेल्या कन्सोलमध्ये हा हिरवटपणा दिसू शकतो. रेलमध्ये काळी बारीक पूड दिसली तर ती बहुधा घासलेल्या प्लास्टिकची असते. खटका झिजल्याची ही आणखी एक खूण समजा.

सफाईला 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. मोबाईल दुरुस्तीचं सामान मिळतं तिथे आयपीए म्हणून मागितलं की मिळतं. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. दवाखान्यातल्या स्पिरिटमध्ये पाणी जास्त असतं, ते नको. कानकाडीचा कापूस पिनांना अडकून धागे सुटतात, म्हणून मऊ केसांचा जुना टूथब्रश बरा. तो अल्कोहोलमध्ये बुडवून झटका आणि पिनांच्या लांबीच्या दिशेनेच हलके फिरवा. आडवा फिरवला तर पिन वाकू शकते. जॉयकॉनच्या पट्टीच्या खालच्या टोकातले संपर्कही असेच पुसा. मग दहा-पंधरा मिनिटं कोरडं होऊ द्या.

खोडरबर किंवा पॉलिश पेपर वापरू नका. पिनांवरचा सोन्याचा थर अगदी पातळ असतो. तो एकदा खरवडला की खालचा धातू उघडा पडतो आणि पुढच्या पावसाळ्यात गंज आणखी वेगाने चढतो. गंजाचे तेलकट स्प्रेही नकोत, त्यांवर धूळ चिकटते. मल्टिमीटरची टोकं घालून व्होल्टेज मोजायचा मोहही आवरा. दहा पिना इतक्या जवळ आहेत की टोक घसरलं की दोन पिना एकमेकींना टेकतात आणि कन्सोलचा बोर्डच जाऊ शकतो.

एक खरी केस

माझ्या मित्राच्या मुलीचा डावा जॉयकॉन गाडीच्या शर्यतीत वळण घेताना तुटायचा. ती वळताना अख्खा कन्सोल हवेत तिरका करायची. पिना पुसल्या, फरक शून्य. बटणांच्या चाचणीत एक बटण दाबून धरलं आणि डाव्या तळहाताने जॉयकॉन वर रेटला, तर बटणाची खूण लगेच विझली. खाली दाबला, परत उजळली. पुढे-मागे डुलवून काही झालं नाही. शेजारच्या मुलाचा डावा जॉयकॉन त्याच कन्सोलवर पक्का बसला. म्हणजे कन्सोलची रेल बरी, पिना बऱ्या, आणि दोष या एका खटक्यात. उघडून बघितलं तेव्हा खटक्याची वरची कड नखाने तपासता येईल इतकी गोल झालेली होती. नवीन खटक्याची कड बोटाला टोचते, याची अजिबात टोचत नव्हती.

खटका बदलणं

लागणाऱ्या वस्तू थोड्या आहेत. तीन पाकळ्यांचा वाय00 स्क्रूड्रायव्हर, बारीक फिलिप्स, म्हणजे पीएच000 किंवा जेआयएस000, प्लास्टिकचा पातळ पिक, चिमटा आणि नवीन खटका. खटका डाव्या-उजव्यासाठी वेगळा असतो, विकत घेताना बाजू तपासा. स्प्रिंगही सोबत आली तर घ्यावी. वाय00 ऐवजी साधं चपटं टोक खुपसून स्क्रू फिरवू नका. डोकं घासलं की तो स्क्रू काढणं हीच वेगळी दुरुस्ती होऊन बसते.

जॉयकॉनच्या पाठीवर चार स्क्रू आहेत. टोक सरळ उभं धरून खाली चांगला दाब देत फिरवा. काढलेले स्क्रू कागदावर त्यांच्या जागेप्रमाणे मांडून ठेवा.

आता पिक पट्टीच्या विरुद्ध बाजूच्या फटीत घालून कव्हर सोडवा. दोन्ही भाग पुस्तकासारखे उघडायचे असतात, पट्टीची बाजू पुस्तकाच्या पाठीसारखी राहते. इथे घाई करू नका. पट्टीवर बसवलेल्या एसएल, एसआर बटणांची चपटी फ्लेक्स केबल तिथून मदरबोर्डकडे जाते आणि ओढली की फाटते. कव्हर दूर नेऊ नका. उघडून बाजूला टेकवा आणि खाली रुमालाची घडी ठेवा, म्हणजे केबलवर ताण येणार नाही.

समोर बॅटरी दिसेल, 525 एमएएचची. फुगलेली वाटली तर काम तिथेच थांबवा, आधी बॅटरी बदला. ठीक असेल तर तिचा कनेक्टर प्लास्टिकच्या पिकने सरळ वर उचलून सोडवा. वायर धरून ओढू नका. बॅटरी सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण धातूचं हत्यार चुकून बोर्डला लागलं तर शॉर्ट होऊ शकतो.

खटका मागच्या कव्हरमध्ये, पट्टीच्या वरच्या टोकाजवळ, सोडवायच्या गोल बटणाच्या लगतच बसवलेला असतो. आधी मोबाईलवर जवळून फोटो काढून ठेवा. स्प्रिंग कुठल्या बाजूने दाबली गेली आहे आणि बटणाची कड खटक्याच्या कुठल्या भागावर येते, हे त्या फोटोतूनच नंतर कळतं. खटका धरून ठेवणारा छोटा फिलिप्स स्क्रू काढा. खटका चिमट्याने उचलताना दुसरं बोट स्प्रिंगवर ठेवा. ती केसाच्या पिनेपेक्षाही बारीक असते आणि उडाली की फरशीवर सापडत नाही. मी हे काम नेहमी जुन्या पांढऱ्या चादरीवर करतो, ताटात नाही. ताटातून स्प्रिंग उसळून बाहेर जाते.

जुना आणि नवा खटका शेजारी ठेवून बघा. आकार तंतोतंत जुळायला हवा. नवीन खटका आणि स्प्रिंग फोटोप्रमाणे बसवा, स्क्रू हलका आवळा आणि बाहेरून गोल बटण दाबा. खटका पूर्ण आत जाऊन झटक्यात बाहेर यायला हवा. रेंगाळत बाहेर येत असेल तर स्क्रू जास्त आवळला आहे किंवा स्प्रिंग तिरकी बसली आहे. कव्हर बंद करायच्या आधी हे करून बघायचंच.

मग बॅटरीचा कनेक्टर लावा, फ्लेक्स कडेत अडकलेली नाही ना ते बघा आणि कव्हर मिटवा. वरचं झेडएल किंवा झेडआर बटण पहिल्यासारखं दाबलं जातं ना हे बघूनच चार स्क्रू लावा. बटण अडकत असेल तर कव्हर नीट बसलेलं नाही, जोर लावू नका.

आता प्लास्टिकचा खटका घ्यावा की धातूचा? बाजारात दोन्ही मिळतात आणि लोक डोळे झाकून धातूचा घेतात. धातूचा झिजत नाही हे खरं. पण कन्सोल पडला, तर प्लास्टिकचा खटका तुटून बाकीचं वाचतं. धातूचा तुटत नाही, तो सगळा धक्का कन्सोलच्या रेलवर देतो. खटका बदलणं अर्ध्या तासाचं काम आहे, कन्सोलची रेल बदलणं तसं नाही. लहान मुलं खेळत असतील तर मी प्लास्टिकचाच घालतो. एकट्या मोठ्या माणसाने जपून वापरलेल्या स्विचला धातूचा चालेल.

पट्टी किंवा पिना गेल्या असतील तर

जॉयकॉन पुढे-मागे डुलत असेल आणि मित्राच्या कन्सोलवरही तसाच डुलत असेल, तर जॉयकॉनची पट्टीच झिजली किंवा वाकली आहे. तिच्या कडा बघा. एका बाजूला चकाकी किंवा ओरखडे दिसतात. पट्टी फ्लेक्ससह पूर्ण संच म्हणून मिळते आणि मी तशीच घ्या म्हणेन. जुन्या पट्टीवरून फ्लेक्स आणि पिनांचा भाग सोडवून नवीन पट्टीवर चढवताना तो तुटायची भीती फार असते. फ्लेक्सचा कनेक्टर मधल्या प्लास्टिकच्या फ्रेमखाली मदरबोर्डवर असतो. त्यासाठी बॅटरी बाहेर काढून, फ्रेमचे स्क्रू सोडवून ती हलकेच उचलावी लागते. कनेक्टरची बारीक कडी वर करायची, मग फ्लेक्स सरळ बाहेर सरकते. कडी न उचलता ओढली तर कनेक्टरच बोर्डवरून उखडतो.

चांगला जॉयकॉनही तुमच्या कन्सोलवर तुटत असेल, तर काम कन्सोलवर करायचं. त्याआधी एक सोपी गोष्ट: रेलच्या खोबणीत बाहेरून दिसणारे स्क्रू सैल झालेत का ते बघा. पडलेल्या कन्सोलमध्ये हे बरेचदा आढळतं. घट्ट करून पुन्हा चाचणी घ्या.

त्यानेही भागलं नाही तर रेल बदलावी लागते. कन्सोल बंद, गेम कार्ड आणि मायक्रोएसडी बाहेर. पाठीच्या चार कोपऱ्यांत वाय00 स्क्रू आहेत. त्यांशिवाय वरच्या कडेला एक, खालच्या कडेला दोन, प्रत्येक रेलच्या मधोमध एक आणि स्टँडखाली मायक्रोएसडीच्या जागेत एक, असे फिलिप्स स्क्रू आहेत. हा शेवटचा विसरून पाठ ओढणारे खूप जण आहेत. पाठ निघाली की मायक्रोएसडीचा छोटा बोर्ड एका स्क्रूने बसवलेला दिसतो, तो सरळ वर उचलून काढा. मग धातूची शील्ड. तिच्याखाली उष्णता वाहून नेणारी गुलाबी पेस्ट असते. ती पुसून टाकू नका, परत बसवताना तीच सारखी पसरवा किंवा तसाच जाड पेस्टचा थर द्या. आता बॅटरीचा कनेक्टर सोडवा. इथपासून पुढे रेलचे स्क्रू आणि तिची फ्लेक्स उरते. पूर्वी कधी फोन किंवा लॅपटॉप उघडलेला नसेल, तर इथपर्यंत येण्याआधी हे काम मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे द्या. त्याला नवीन रेल तुम्ही आणून दिलीत तरी चालते.

नवीन भाग येण्याची वाट बघण्याच्या काळात काम भागवायचं असेल, तर पॉलिइमाइडची पिवळसर टेप कामी येते. तिची अरुंद पट्टी जॉयकॉनच्या पट्टीच्या मागच्या सपाट बाजूला, पिनांपासून बरीच वर लावायची. एकच थर. दोन थर लावले की जॉयकॉन अडकून बसतो आणि काढताना खटक्यावर जोर पडतो. टेप काही आठवड्यांत सुटायला लागते. सुटलेली कड खाली सरकून पिनांत जाण्याआधी काढून टाका.

दुरुस्तीनंतर आधीचीच बटणांची चाचणी पुन्हा घ्या. एसएल, एसआर बटणं आणि पट्टीवरचे हिरवे दिवे तपासायला विसरू नका, कारण फ्लेक्सला इजा झाली असेल तर ती इथेच कळते. `Controllers` मध्ये जाऊन लावलेल्या जॉयकॉनसमोर चार्जिंगची खूण दिसते ना ते बघा. बटणं चालतात पण चार्ज होत नाही, असं दिसलं तर पुरवठ्याची एखादी पिन अजून टेकत नाही. पुन्हा सफाई करा आणि भिंगातून पिनांची उंची तपासा. आणि जॉयकॉन काढताना मागचं बटण पूर्ण दाबून धरा, जॉयकॉन रेलमधून निम्मा बाहेर येईपर्यंत सोडू नका.